मिरांडा सरांचे शब्द पडद्यावर

प्रोजेक्टर चालला तर कुणी माझं नाव घेत नाही, आणि नाही चालला तर सगळी शाळा माझ्या नावाने बोंब मारते, हे मी सोळा वर्षांत शिकले आहे. मी दर्शना घाडी. लालबागमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत प्रयोगशाळा आणि संगणक, दोन्ही सांभाळते. तोंडाची फटकळ आहे, हे शाळेला माहीत आहे आणि घरच्यांना तर जास्तच. तरीही यंदाच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते सांगताना मी कुणावर डाफरणार नाही. त्या दिवशीची चूक माझी होती. आणि त्या दिवशी जे भलं झालं, ते दुसऱ्यांनी केलं.

गोष्ट मिरांडा सरांची आहे. ॲलॉयशियस मिरांडा, राहणार माझगाव, आमचे विज्ञानाचे शिक्षक. सरांचा तास म्हणजे फळा. हातात खडू घेऊन पाठमोरे उभे राहायचे आणि चार-सहा रेघांत अख्खं हृदय काढून मोकळे व्हायचे. आकृतीला नावं कधी द्यायचे नाहीत. बोट ठेवायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "हे काय?" मुलांनी गडबड केली की स्वतः नाव सांगायचे, एकदाच, सावकाश. ते ऐकलेलं नाव मुलं जन्मात विसरायची नाहीत.

फेब्रुवारीत सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय जरा ओढत चालायला लागले, ते सगळं एकवेळ चाललं असतं. पण त्यांचे शब्द गेले. म्हणजे वाचा गेली नाही. बोलतात, कळतं सगळं, विनोदसुद्धा कळतो. फक्त वस्तूंची नावं ऐनवेळी सापडत नाहीत. पेल्याला म्हणतात "ते, पाण्याचं". डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना नावं शिकवली, त्याचीच नावं जावीत, याचा मला इतका राग आला होता की मी आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नाही.

जुलैत सर परत रुजू झाले. पहिल्याच तासाला पचनसंस्था शिकवताना "जठर" या शब्दापाशी अडकले आणि चार मिनिटं नुसते उभे राहिले. मुलं गप्प बसली, पण घरी जाऊन बोलली. पालकांच्या तक्रारी आल्या. आमच्या मुख्याध्यापिका नाबर बाईंनी सरांना ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायच्या कामाला बसवलं, आणि संस्थेचे कार्यवाह दीपक केरकर यांनी स्पष्टच सांगितलं, की दसऱ्यानंतर सरांनी आमच्यासमोर एक तास घेऊन दाखवावा. जमला तर वर्ग परत मिळेल. नाही जमला तर वैद्यकीय कारणावरून निवृत्ती. सरांना निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

केरकरांना मी वाईट म्हणणार नाही. मुलांचं नुकसान होऊ नये हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण मला सर हवे होते. का, ते सांगते. माझे बाबा परळच्या इस्पितळात शेवटचे दोन महिने होते, तेव्हा मी रोज दुपारी निघून जायचे. माझी रजा एकाही दिवसाची लागली नाही. प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिकं सर घ्यायचे, आणि तास संपला की बाह्या दुमडून चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या स्वतः धुऊन स्टँडला उलट्या लावून ठेवायचे. मला हे त्यांनी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर मी परत आले तर माझ्या परीक्षानळ्या मी कधी ठेवल्या नव्हत्या इतक्या लखलखीत होत्या. आभार मानायला गेले तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा मी बरा धुतो." असा माणूस.

ग्रंथालयात एक दिवस सर कपाटातून पुस्तक काढत होते आणि सहज त्यावरचं नाव वाचत होते, मोठ्याने, न अडखळता. मी चमकले. पुस्तक मिटून विचारलं, "सर, काय वाचलंत?" तर म्हणाले, "ते... पक्ष्यांचं." पुन्हा पुस्तक समोर धरलं तर पुन्हा अस्खलित. म्हणजे शब्द डोळ्यांसमोर असला की तो तोंडातून येतो. डोळ्यांसमोरून गेला की गेला.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात बेत शिजला. फळ्यावर आता सरांना आकृती काढता येणार नव्हती, तेव्हा प्रोजेक्टर लागणारच होता. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की दोन रीती असतात. एक डुप्लिकेट, म्हणजे लॅपटॉपवर जे दिसतं तेच पडद्यावर. आणि दुसरी एक्स्टेंड, म्हणजे पडदा ही लॅपटॉपला काढलेली शेजारची खोली. तिथे वेगळं, इथे वेगळं. विंडोजची कळ दाबून पी दाबलं की हे निवडता येतं. एक्स्टेंड करून स्लाइड शो लावला, की मुलांना पडद्यावर नुसतं चित्र दिसतं, आणि शिकवणाऱ्याला लॅपटॉपवर तेच चित्र लहान होऊन त्याच्या बाजूला आपण लिहून ठेवलेल्या टिपण्या दिसतात. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मुलांसमोर नावांशिवायचं हृदय, सरांसमोर नावांची यादी. कुणाला कळायचं कारण नाही.

सर आधी तयार होईनात. "लपवून?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "सर, पंतप्रधानापासून नटापर्यंत सगळे बघूनच बोलतात, तुम्ही काय मोठे लागून गेलात?" मग हसले.

तीन आठवडे आम्ही मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयात सराव केला. टिपण्या मी टाइप केल्या. "उजवे अलिंद." "उजवे निलय." मध्येमध्ये सर घाई करायचे आणि घाई केली की वाचतानाही अडकायचे, म्हणून प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर मी आमच्या दोघांपुरतं एक वाक्य घातलं होतं: "थांबा. श्वास घ्या. कुणी पळून जात नाहीये." ते आलं की सर थांबायचे, माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचे आणि खरंच श्वास घ्यायचे.

केबलसुद्धा मी विचार करून निवडली होती. आमचा प्रोजेक्टर छताला नाही, वर्गाच्या मधोमध बाकावर ठेवावा लागतो. आणि सरांना तर पडद्याशेजारी उभं राहून बोट ठेवायचं होतं. म्हणून पाच मीटरची एचडीएमआय केबल. लॅपटॉप पुढच्या टेबलावर, प्रोजेक्टर मागे, वायर बाकांखालून चिकटपट्टीने चिकटवलेली. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे एका स्लाइडमध्ये घातलेली हृदयाची धडधड प्रोजेक्टरच्या स्पीकरमधून वर्गभर ऐकू यायची. खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी सगळं लावून पाहिलं. लोण्यासारखं चाललं. मी स्वतःवर फार खूश होते, आणि तिथेच फसले.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटीपूजन होतं आणि त्याच चौरंगावर शाळेतली सगळी हत्यारंही पुजतात. सुताराची करवत, घंटेची हातोडी, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक, आणि हल्ली लॅपटॉप. झेंडू दरवर्षी मिरांडा सर दादरच्या फुलबाजारातून आणतात. यंदाही आणले, डाव्या हातात पिशवी लटकवून. पाचही लॅपटॉप मी पुस्तकांसारखे ओळीने उभे केले, देखणे दिसावेत म्हणून. म्हणजे एक कड खाली आणि भोकांची कड वर. आणि आरती झाल्यावर, सरांचा तास चांगला होऊ दे असं मनात म्हणत, कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची भलीमोठी मूठ मी त्या लॅपटॉपांवर टाकली. बाकीच्यांनी चार-चार दाणे टाकले असतील. मी मूठ टाकली.

पुजलेल्या वस्तूंना दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या शाळेचा रिवाज. त्यामुळे सरांच्या तासाचा लॅपटॉप मी उचलला तो थेट तासाच्या दिवशी सकाळी. वरची हळद पुसली, फुलं काढली आणि आठवी ब मध्ये गेले.

शेवटच्या बाकावर नाबर बाई आणि केरकर बसले होते. सर पुढे उभे. पांढराशुभ्र शर्ट, डावा हात खिशात. मी केबल लॅपटॉपला लावली. ती आत जाईना. म्हणजे अर्धी गेली. पडद्यावर निळी पाटी आली, "सिग्नल नाही". मी केबल दाबली. चित्र लुकलुकलं आणि गेलं. आणखी जोरात दाबली. अशा वेळी जोर लावायचा नसतो, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. त्या चपट्या भोकात, अगदी आत, लालभडक तांदळाचा एक दाणा बसला होता, आणि माझ्याच जोराने तो चांगला ठासला गेला होता. लॅपटॉप बंद करून लाकडी दातकोरणीने काढायला गेले तर कुंकवासकट त्याचा लगदा झाला. आत बारीक पाती असतात. अजून कोरलं असतं तर तीही गेली असती. शेवटी तो दुरुस्तीवाल्यानेच काढला, पण ते नंतर.

"काय झालं गं दर्शना?" नाबर बाई मागून म्हणाल्या.

"काही नाही बाई, दोन मिनिटं," मी म्हटलं. आयुष्यात कधी "दोन मिनिटं" खरी निघालेली नाहीत.

लॅपटॉपला दुसरं एक लहान, लांबट भोक होतं, टाइप-सी. माझ्या पेटीत टाइप-सीवरून एचडीएमआय करणारा ॲडॉप्टर होता. आशेने लावला. काही नाही. भोक तेच दिसलं तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र जात नाही. काहींतून नुसती माहिती जाते, आणि आमच्या लॅपटॉपचं त्यातलंच होतं. बाकीचे लॅपटॉप त्याच्याच जातीचे, आणि ते सगळे संगणक शिक्षणाच्या शिबिराला दुसऱ्या इमारतीत गेलेले. राहिला ऑफिसचा जुना लॅपटॉप. त्याला व्हीजीए होतं. ते निळं, पंधरा टाचण्यांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं भोक. मी धावत जाऊन तो आणला, कपाटाच्या तळातून व्हीजीएची केबल काढली, पेनड्राइव्हवरून सरांची फाइल घेतली. प्रोजेक्टरला "सोर्स" बटण दाबून सांगितलं, बाबा रे, आता एचडीएमआयकडे नको बघू, इकडे बघ.

पडद्यावर हृदय आलं. निळसर हिरवं.

वर्ग खिदळला. "बाई, परग्रहावरचं हृदय!" पहिल्या बाकावरची केझिया म्हणाली.

लाल रंगाची टाचणी नीट टेकत नव्हती. स्क्रू पिळून घट्ट केले तशी लाली आली. विंडोज आणि पी दाबलं, एक्स्टेंड केलं, स्लाइड शो लावला. पडद्यावर नुसतं हृदय, लॅपटॉपवर टिपण्या. अक्षर मोठं केलं. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात लक्षात आलं.

व्हीजीएची केबल दीड मीटरची होती.

म्हणजे लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवावा लागणार, वर्गाच्या मधोमध. आणि पडदा पुढे, बारा-तेरा फुटांवर. सरांनी लॅपटॉपपाशी उभं राहावं तर बोट ठेवता येणार नाही. पडद्यापाशी जावं तर शब्द दिसणार नाहीत. मी सरांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "सर, इथेच उभे राहा. इथूनच वाचा. पुढे जाऊ नका." सरांनी मान हलवली. केरकरांनी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं गेली होती.

सरांनी सुरुवात केली. लॅपटॉपकडे बघत, सावकाश. "हृदयाचे... चार कप्पे. वरचे दोन, अलिंद. खालचे दोन, निलय." एकेक शब्द स्वच्छ. मला रडूच येणार होतं. पुढची स्लाइड धडधडीची. व्हीजीएमधून आवाज जातच नाही, नुसतं चित्र जातं, आणि त्या जुन्या लॅपटॉपचा स्पीकर कधीचाच गेलेला. चित्र हललं, आवाज नाही. मी मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या. पण सरांनी डाव्या हाताने बाकावर थाप मारली. लब, डब. लब, डब. दोन थापा, थोडी विश्रांती. चौथ्या वेळी अख्खा वर्ग बाक बडवत होता. नाबर बाईंनीही मागे दोन बोटं आपटल्याचं मी पाहिलं.

आणि तिथेच सरांना जोर आला. शिकवण्याचा जुना जोर. समोर चित्र होतं, मुलं रंगात आली होती, आणि तीस वर्षांची सवय होती. सर लॅपटॉप सोडून, पाय ओढत, थेट पडद्यापाशी गेले. मी "सर" म्हणेपर्यंत पोहोचलेसुद्धा. प्रोजेक्टरच्या उजेडात उभे राहिले, त्यामुळे अर्धं हृदय त्यांच्या शर्टावर पडलं. जरा बाजूला झाले, डाव्या हाताचं बोट उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यावर ठेवलं आणि वर्गाकडे वळले.

"हे काय?"

अजून कुणी शिकलंच नव्हतं नीट. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणी म्हणालं धमनी, कुणी म्हणालं झडप. आता नेहमीप्रमाणे नाव सांगायची पाळी सरांची होती.

सरांनी तोंड उघडलं. बोट तिथेच. "हे म्हणजे..." ते चित्राकडे वळले. चित्रात नाव नव्हतंच. आम्ही मुद्दाम ठेवलं नव्हतं. लॅपटॉपकडे पाहिलं, तर तो बारा फुटांवर, त्यातून त्यांच्याकडे पाठ करून. "हे... खालचं..." वर्गातला बाक बडवण्याचा आवाज थांबला. केरकरांनी मांडीवरची वही मिटली. मी लॅपटॉपपाशी उभी होते, माझ्यासमोर "उजवे निलय" हे शब्द नारळाएवढ्या अक्षरांत दिसत होते, आणि मी ते ओरडून सांगितले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. नाही सांगितले तरी संपणारच होतं.

सरांनी बोट खाली घेतलं. मला वाटलं आता खुर्चीत बसतील. पण ते माझ्याकडे बघत होते.

"दर्शना. ते... तुझ्याकडचं." त्यांनी लॅपटॉप दाखवला आणि मग पडद्याकडे हात केला. "इथे आण."

"सर, केबल पुरत नाही."

त्यांनी मान हलवली. "नाही. ते नाही. शब्द. इथे."

मला कळलं. शब्द पडद्यावर आणायचे म्हणजे जे आम्ही तीन आठवडे लपवत होतो ते सगळ्यांसमोर मांडायचं. केरकरांसमोर. आणि त्यात माझी ती वाक्यंही होती. मी हळूच म्हटलं, "सर, सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे," सर म्हणाले. या दोन शब्दांवर ते अजिबात अडखळले नाहीत.

मी स्लाइड शो बंद केला. विंडोज आणि पी. एक्स्टेंड होतं ते डुप्लिकेट केलं. फाइल साध्या रूपात उघडली, वर हृदय, खाली टिपण्यांची पट्टी. पट्टी ओढून मोठी केली, अक्षर वाढवलं. आता माझ्या लॅपटॉपवर जे होतं तेच पडद्यावर होतं, आणि सरांच्या हाताशी होतं.

सर मुलांना म्हणाले, "मला... फेब्रुवारीपासून. नावं येत नाहीत. दिसली की येतात." थोडं थांबले. "तुम्ही वाचा. मी... समजावतो."

मग केझिया उभी राहिली, हात वर करून वगैरे नाही, तशीच, आणि खणखणीत वाचलं, "उजवे निलय."

"उजवे निलय," सर म्हणाले. आणि बोट ठेवलं. "याची भिंत... पाहा. त्या बाजूच्यापेक्षा पातळ. का?"

"डावे निलय," मुलं आपण होऊन ओरडली, सरांना शब्द देत.

"हो. डावे निलय. त्याची भिंत जाड. कारण याला रक्त ढकलायचंय इथे, शेजारी..."

"फुप्फुसात!"

"फुप्फुसात. आणि त्याला?"

"सगळ्या शरीरात!"

पुढे अख्खा तास तसाच गेला. सरांना शब्द लागला की ते पडद्याकडे बघायच्या आधी चाळीस तोंडांतून तो शब्द यायचा. महाधमनी, फुप्फुस धमनी, त्रिदल झडप. सर बोट फिरवत होते आणि रक्त कुठून कुठे जातं ते मुलं वाचत नव्हती, त्याच्याबरोबर जवळजवळ पळत होती. आणि मग ते आलं, जे मी विसरलेच होते. मी पट्टी खाली सरकवली आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात, जसं छापील तसं, वाचून टाकलं:

"थांबा. श्वास घ्या. कुणी पळून जात नाहीये."

वाचून झाल्यावर त्यांना कळलं की हे पुस्तकातलं नाही. कुणीतरी फिस्कन हसलं, मग गप्प झालं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर मात्र थांबले. छाती भरून श्वास घेतला. आणि माझी शप्पथ, वर्गानेही घेतला. चाळीस पोरांनी, आवाज करून. मग सर म्हणाले, "चला," आणि डाव्या अलिंदावर बोट ठेवलं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती तेव्हा केरकर उठून पुढे आले. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. मला म्हणाले, "पडदा बंद करा जरा." मी प्रोजेक्टरच्या भिंगाला झाकण लावलं. पडदा पांढरा. केरकरांनी खडू घेतला, फळ्यावर चार चौकोन काढले, वाईट काढले, आणि मधल्या रांगेतल्या एका मुलीला म्हणाले, "सांग बघू, रक्त कसं फिरतं."

तिने सांगितलं. चौकोनांवरून. मग तिच्या शेजारच्याने. मग शेवटच्या बाकावरच्या एकाने, ज्याने वर्षभरात माझ्या तासाला तोंड उघडलेलं नाही. एक शब्द चुकला नाही. आपण शब्द दिला नाही तर सर अडकतील, या काळजीने प्रत्येकाने प्रत्येक शब्द घट्ट धरून ठेवला होता.

केरकर सरांकडे वळले. आवाज मऊ होता, पण प्रश्न प्रश्नच होता. खालच्या उजव्या चौकोनावर खडू ठेवून म्हणाले, "मिरांडा सर, आता तुम्ही सांगाल, हे काय?"

सरांनी चौकोनाकडे पाहिलं. कुणी पुटपुटलं नाही.

"नाही," सर म्हणाले. मग वर्गाकडे हात केला. "पण त्यांना येतं."

केरकरांनी फळ्यावरून खडू उचलला. मग खडू सरांच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाले, "मग ठीक आहे. नाही तरी नावं त्यांनाच यायला हवीत." नाबर बाईंनी पर्समधून वेळापत्रकाचा कागद काढला, तो तिथेच बाकावर पसरला आणि आठवी ब च्या विज्ञानापुढचं बदली शिक्षिकेचं नाव खोडलं. "सर, उद्या तिसरा तास," त्या म्हणाल्या. डोळे त्यांचेही कोरडे नव्हते.

घंटा झाली. मुलं एरवी घंटेआधीच दाराशी असतात. त्या दिवशी दहा-बारा जण सरांभोवती उभी होती, आणि उद्या काय शिकवणार ते विचारत होती. सरांना ते सांगता येईना. "ते... श्वासाचं," म्हणाले. "श्वसनसंस्था!" मुलांनी लगेच शब्द दिला. सरांनी तो घेतला, पुन्हा म्हटला आणि त्यांना "थँक्यू" म्हणाले. एकेकाला, बोट दाखवून. तीस वर्षं नावं देणाऱ्या त्या माणसाने, मिळालेल्या एका नावासाठी.

मी केबल गुंडाळत होते. मला कुणी काही म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती. सर जाताना माझ्यापाशी थांबले, म्हणाले, "उद्या... ते दोन सारखे." म्हणजे डुप्लिकेट. मी म्हटलं, "हो सर, आता रोज तेच." आणि मग, माझ्या बाबांचे शेवटचे दिवस सांभाळणाऱ्या त्या माणसाला मी सगळ्या पोरांसमोर वाकून नमस्कार केला.